कॅमेरा काढण्याआधीचा कागद

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून चित्रपटाचं तंत्र शिकून मुंबईला परतले, तेव्हा त्यांच्या डोक्यात पूर्ण लांबीचं कथाचित्र होतं आणि हातात भांडवल नव्हतं. म्हणून त्यांनी आधी एक वेगळीच फिल्म काढली. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत अंकुर फुटून रोप वाढेपर्यंतचा प्रवास टिपला. पडद्यावर तो सारा मिनिटभरात उलगडत असे. ही फिल्म त्यांनी पैसे देऊ शकतील अशा मोजक्या माणसांना दाखवली, त्यातून कर्ज उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

फाळक्यांच्या कलेबद्दल आपण पुष्कळ वाचतो. व्हिडिओ करायला निघालेल्या माणसाने मात्र त्यांचा हिशेब पाहावा. फिल्म कशासाठी, तर सावकाराची खात्री पटवण्यासाठी. पाहणारे कोण, तर ज्यांनी हलतं चित्र देशी माणसाच्या हातून निघालेलं कधी पाहिलंच नव्हतं असे चार धनिक. लांबी मिनिटभर, कारण चमत्कार पटायला तेवढा वेळ पुरतो. दाखवायची बैठकीत. आणि खर्च एक कुंडी, मूठभर वाटाणे आणि थोडी फिल्म. यातली प्रत्येक गोष्ट पहिल्या उत्तरातून आपसूक निघाली आहे.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे हे प्रश्न मागे पडतात आणि पहिली चर्चा सुरू होते ती ‘ड्रोन घ्यायचा का’ इथून. ती कशी सुरू होते आणि कुठे न्यायला हवी, हे पाहण्यासाठी एक गट कल्पनेत धरू. रत्नागिरी जिल्ह्यातले पंधरा-वीस हापूस बागायतदार एकत्र आलेत. पुण्या-मुंबईच्या तीनशेएक घरांना ते थेट पेट्या पाठवतात. फेब्रुवारीतल्या बैठकीत ठरतं, की ‘यंदा आपला एक व्हिडिओ हवा.’ सगळे मान डोलावतात. मग प्रत्येकजण आपल्या मनातला व्हिडिओ सांगू लागतो. अध्यक्षांना गटाची वाटचाल हवी, त्यात दोन मिनिटं स्वतःचं मनोगत. तरुण मंडळींना बागेवरून घिरट्या घालणारं ड्रोनचं दृश्य हवं. कोणाला भौगोलिक मानांकनाची माहिती हवी, कोणाला पॅकिंग करणाऱ्या बायकांच्या मुलाखती. हिशेब पाहणारा म्हणतो, शेवटी ऑर्डरचा नंबर येऊ दे म्हणजे झालं. हे सगळं घालून आठ मिनिटांचा एक व्हिडिओ होतो. गटातले सगळे तो आपापल्या नातेवाइकांना पाठवतात, बाहेरचं कोणी शेवटपर्यंत पाहत नाही.

‘आमची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी’ हा उद्देश नव्हे. ती इच्छा आहे, आणि तिच्यावरून एकही निर्णय घेता येत नाही. उद्देश विचारायची माझ्या पाहण्यातली सर्वांत उपयोगी रीत अशी: व्हिडिओ संपल्यावर पाहणाऱ्याने नेमकं काय करावं? उत्तर एका वाक्यात आणि एकाच क्रियापदात आलं पाहिजे. पेटी मागवावी. आंबा नीट पिकवावा. गटाचा सभासद व्हावं. बँकेने कर्ज द्यावं. यातली दोन क्रियापदं एका वाक्यात ‘आणि’ने जोडावी लागली, तर तो बहुधा एक व्हिडिओ नाही, दोन आहेत.

आपल्या गटात हा प्रश्न विचारल्यावर पहिलं उत्तर अर्थातच ‘पेटी मागवावी’ असं येतं. पण त्याच बैठकीत पेट्या भरायचं काम पाहणाऱ्या वहिनी म्हणतात, “मागवणारे यंदाही मागवतीलच, पेट्या पुरत नाहीत. पण मे महिन्यात फोन मलाच येतात ना! आंबा पिकला नाही, आंबा काळा पडला, आंबा कापला तर आत पांढरा निघाला.” आणि बैठकीचा नूर बदलतो. गटाची अडचण गिऱ्हाईक मिळण्याची नाहीच. कोकणात हापूस झाडावरून उतरवतात तो ‘चौदा आणे’ तयार झाल्यावर, पिकलेला नव्हे. तो पुढे घरी पिकायचा असतो. शहरात पेटी उघडणाऱ्याला हे ठाऊक नसतं. कोणी कच्चा आंबाच फ्रीजमध्ये घालतो. बारा-तेरा अंशांच्या खाली गेला, की कच्च्या हापूसचं पिकणं बिघडतं, सालीवर डाग पडतात, गोडी येत नाही. कोणी पेटी आठवडाभर उघडतच नाही आणि एक नासलेलं फळ शेजारची चार घेऊन जातं. मग भरपाई, बदली पेटी आणि नाराजी.

आता उद्देश लिहिता येतो: हा व्हिडिओ पाहून गिऱ्हाइकाने पेटी आली त्याच दिवशी उघडावी आणि आंबे फ्रीजबाहेर पिकवावेत. या वाक्याची मोठी सोय अशी, की ते खरं झालं की नाही हे मोजता येतं. गेल्या मे महिन्यात किती तक्रारी आल्या होत्या, ते वहिनींच्या वहीत आहे. यंदाच्या मे महिन्यात किती येतात, ते त्याच वहीत उतरेल. तशी वही नसेल तर व्हिडिओच्या आधी ती सुरू करावी. मग ‘किती जणांनी पाहिला’ या आकड्याच्या मागे धावण्याची गरज उरत नाही. हा व्हिडिओ तीनशे घरांनी पाहिला तरी पूर्ण यशस्वी आहे, आणि तीस हजार अनोळखी लोकांनी पाहिला पण त्या तीनशेंनी नाही, तर वाया गेला.

अध्यक्षांचं मनोगत, मानांकन आणि ड्रोन यांचं काय? ते या वाक्याला मदत करत नाहीत, म्हणून या व्हिडिओत नाहीत. असं सांगताना कोणाला वाईट वाटेल ते बैठकीतच वाटू द्यावं. चित्रीकरण झाल्यावर वाटलं, तर त्याचे पैसे पडतात.

प्रेक्षक कोण, याचं उत्तर वरवर पाहता मिळालेलंच आहे: आपलं गिऱ्हाईक. पण जरा थांबून त्या गिऱ्हाइकाच्या घरात शिरून पाहावं. पेटी मागवतो तो बहुतेकदा मुलगा किंवा सून, ऑफिसातून, फोनवरून. कधी तो बंगळुरूला किंवा अमेरिकेत असतो आणि पेटी पुण्याला आईबाबांकडे पाठवतो. पेटी दारात येते तेव्हा ती उघडणारे हात सत्तरीतल्या आजींचे असतात, नाहीतर घरकामाला येणाऱ्या ताईंचे. म्हणजे पैसे देणारा, मोबाइलवर आपला संदेश मिळणारा आणि प्रत्यक्ष आंबा हाताळणारा ही तीन माणसं असू शकतात. व्हिडिओ तिसऱ्यासाठी करायचा आहे.

हे एकदा दिसलं, की पुष्कळ बारीक गोष्टी ठरत जातात. अक्षरं मोठी हवीत आणि पडद्यावर एका वेळी पाच-सहा शब्दांहून जास्त नकोत. बोलण्याची गती संथ हवी. आवाज बंद असला तरी नुसत्या हातांच्या हालचालींवरून कळलं पाहिजे, कारण स्वयंपाकघरात मिक्सर चालू असतो आणि मोबाइल ओट्यावर टेकवलेला असतो. काही घरं गुजराती असतील, काही हिंदी बोलणारी. म्हणून पडद्यावर कोणी कॅमेऱ्याकडे पाहून बोलण्यापेक्षा दृश्यावर निवेदन टाकणं बरं. उद्या त्याच दृश्यावर हिंदी निवेदन चढवता येतं. त्यासाठी संकलकाला आधीच सांगावं लागतं, की निवेदन, संगीत आणि अक्षरं वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवून प्रकल्पाची मूळ फाइल आम्हाला दे. काम झाल्यावर सहा महिन्यांनी मागितली तर ती बहुधा कुठल्याशा हार्ड डिस्कवरून पुसली गेलेली असते.

‘आढी’ म्हटलं की कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गवतात रचलेले आंबे येतात. वाकडच्या अठराव्या मजल्यावर ते येत नाहीत, तिथे गवतही नाही. म्हणून दृश्यात पेंढ्याची आढी दाखवायची की वर्तमानपत्रावर एका थरात मांडलेले आंबे? वर्तमानपत्रच. बागायतदाराला त्यात काही सुंदर दिसणार नाही, पण पाहणाऱ्याच्या घरात तेच आहे.

सर्वसाधारणपणे उद्देशानंतर लोक लांबी ठरवतात. मला वाटतं, त्याआधी जागा ठरवावी: व्हिडिओ कुठे पाहिला जाणार? कारण जागा ठरली, की चौकटीचा आकार ठरतो, आणि आकार एकदा चुकला, की नंतर दुरुस्त होत नाही. आडवं, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासारखं चित्रीकरण हे १९२० बाय १०८० ठिपक्यांचं असतं. त्यातून मोबाइलसाठी उभी चौकट कापायची, तर रुंदीचे जेमतेम ६०७ ठिपके हाती लागतात. दोन तृतीयांश चित्र फेकून द्यायचं आणि उरलेलं ताणून मोठं करायचं. दोन माणसं शेजारी उभी असली, तर त्यांतलं एकच उरतं. ‘आडवं काढू, मग हवं तसं कापू’ असं कोणी म्हणालं, तर त्याने दोन्ही आकारांचा विचार करून, मुख्य वस्तू चौकटीच्या मधल्या पट्ट्यात ठेवून चित्रीकरण केलं पाहिजे. त्याला वेळ जास्त लागतो आणि दृश्यं दोन्हीकडे थोडी बेचव होतात.

आपल्या गटाचं पाहणं मोबाइलवर, म्हणून उभी चौकट. पण मोबाइलवर कुठे? व्हॉट्सअॅपवर पाठवणं सगळ्यांना सोपं वाटतं. त्याच्या दोन मर्यादा आधी पाहायला हव्यात. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच मिळतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. शिवाय पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो, त्यामुळे बारीक अक्षरं विस्कटतात. आणि मूळ अडचण राहतेच: संदेश मुलाला जातो, पेटी आजी उघडतात.

म्हणून या व्हिडिओची खरी जागा म्हणजे पेटीचं झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला क्यूआर कोड, त्याच्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ: ‘आंबा कसा पिकवायचा, पाहा.’ व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवता येतो. तो शोधात सापडत नाही, ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसतो. पण इथे एक खाचखळगा आहे. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ ठेवता येत नाही. चूक निघाली, नवा चढवला, की दुवा बदलला, आणि हजार छापील झाकणांवरचे कोड जुन्याच व्हिडिओकडे नेत राहिले. म्हणून कोड थेट यूट्यूबकडे नेऊ नये. तो आपल्याच संकेतस्थळाच्या एका पानाकडे न्यावा, आणि त्या पानावरून आपल्याला हवं तेव्हा पुढचा दुवा बदलता येईल असं ठेवावं. संकेतस्थळ नसेल तर ते काम करणारी माणसं तालुक्याच्या गावातही मिळतात. कोड छापण्याआधी तीन वेगवेगळ्या फोनवर, त्यातला एक जुना, मंद उजेडात लावून पाहावा.

जागेचे आणखी बारीक नियम असतात. रील्स आणि शॉर्ट्समध्ये पडद्याच्या तळाशी नाव-मजकूर आणि उजव्या कडेला बटणं येतात. तळाला लिहिलेली अक्षरं त्यांच्याखाली झाकली जातात. मर्यादाही बदलत राहतात: यूट्यूब शॉर्ट्स आधी मिनिटाचे होते, ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत जाऊ लागले, इन्स्टाग्रामच्या रील्सनीही २०२५ च्या सुरुवातीला तीच वाट धरली. तेव्हा गेल्या वर्षी ऐकलेल्या मर्यादेवर संहिता बेतू नये, त्या आठवड्यात तपासून घ्यावं.

आता लांबी. ‘लोकांना हल्ली धीर नाही, तीस सेकंदांतच संपव’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अनोळखी माणसासाठी खरा आहे. ज्याच्यापुढे बावीसशे रुपयांची पेटी उघडी पडलीय आणि आत हिरवे आंबे दिसतायत, त्याला धीर असतो. त्याला उत्तर हवंय. उलट तीस सेकंदांत कोंबलं, तर तो पुन्हा वहिनींना फोन करेल. लांबी फॅशनवरून ठरवू नये, सांगायच्या गोष्टींवरून काढावी, आणि ती काढण्याची रीत सोपी आहे.

आधी गोष्टी लिहायच्या. पेटी आजच उघडा. आंबे काढून वर्तमानपत्रावर एका थरात, एकमेकांना न चिकटता ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. रोज पाहा, डागाळलेला बाजूला काढा. पिकल्याची खूण म्हणजे नुसता पिवळा रंग नाही, वास सुटतो आणि देठाजवळ हलकं दाबलं तर फळ जरासं दबतं. पिकल्यावर मात्र फ्रीजमध्ये काही दिवस ठेवता येतो. कापल्यावर आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा भाग निघाला तर तो साका. तो बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही. फोटो काढून या नंबरवर पाठवा.

सात गोष्टी झाल्या. मराठी निवेदन संथपणे वाचलं, तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. प्रत्येक गोष्टीला वीस-बावीस शब्द धरले, तर दीडशे शब्द, म्हणजे सव्वा ते दीड मिनिट. त्यात नुसतं पाहायला, श्वास घ्यायला जागा सोडली की दीड मिनिटाच्या थोडं पुढे. संहिता हातात घड्याळ घेऊन मोठ्याने वाचावी. मनात वाचली तर ती नेहमी कमी भरते, आणि मग संकलनात निवेदन घाईचं होतं. ‘नमस्कार, आमच्या गटाच्या वतीने आपलं स्वागत’ हे वाक्य आणि फिरत येणारं बोधचिन्ह यांना मिळून आठ सेकंद जातात. दीड मिनिटातली आठ सेकंदं फार झाली. पहिलं दृश्य पेटी उघडणाऱ्या हातांचं आणि पहिलं वाक्य ‘आंबा हिरवा आहे? बरोबर आहे.’ पेटी उघडून चिंतेत पडलेल्या माणसाला पहिल्या दोन सेकंदांत हेच ऐकायचं असतं.

पुरेशा लोकांनी पाहिल्यावर यूट्यूब स्टुडिओत एक आलेख दिसतो: कोणत्या सेकंदाला किती पाहणारे उरले. रेघ पहिल्या काही सेकंदांत कोसळली, तर सुरुवात चुकली. मध्ये एखाद्या ठिकाणी उंचवटा आला, तर लोक तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा पाहतायत. तो बहुधा पिकल्याची खूण सांगणारा भाग असेल, आणि पुढच्या वर्षी तो अधिक सावकाश दाखवायला हवा.

लांबी कळली, की दृश्यं मोजता येतात, आणि दृश्यं मोजता आली तरच खर्चाचं बोलणं खरं असतं. एक दृश्य तीन-चार सेकंद टिकतं असं धरलं, तर शंभर सेकंदांना पंचवीस-तीस दृश्यं लागतात. सगळी हातांची, टेबलाची, खिडकीजवळच्या उजेडातली. एका घरात, एका दिवसात होण्याजोगी. फक्त एक पेच आहे. आंबा पिकायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि कॅमेरावाला एकच दिवस येणार. पिकण्याची अवस्था दाखवायची कशी? उपाय तयारीतच आहे: चित्रीकरणाच्या दहा दिवस आधी काही आंबे उतरवून ठेवायचे, सहा दिवस आधी काही, तीन दिवस आधी काही आणि आदल्या दिवशी काही. त्या दिवशी टेबलावर हिरव्यापासून केशरीपर्यंतचे सगळे टप्पे एकदम हजर असतात. साका दाखवायला मात्र नशीब लागतं. हवा तेव्हा साका निघत नाही, म्हणून आधीच्या दिवसांत कोणाच्या घरी निघेल त्याने तिथल्या तिथे फोनवर, उभा धरून, खिडकीच्या उजेडात टिपून ठेवायचा.

या चित्रीकरणाला तयार फळ हवं, म्हणजे ते हंगामाच्या तोंडावरच होणार. मार्चअखेरीस पहिला तोड आला, की लगेच चित्रीकरण, आठ-दहा दिवसांत संकलन आणि एप्रिलच्या मध्यावर पेट्यांवर कोड. म्हणून फेब्रुवारीत कागद पक्का व्हायला हवा. एप्रिलमध्ये ‘व्हिडिओ करू’ म्हटलं, तर गटातल्या प्रत्येकाचे दोन्ही हात पेट्यांत असतात.

खर्चाचे दर गावागणिक बदलतात, त्यामुळे आकड्यापेक्षा वाटणीकडे पाहा. समजा, गटाने ३०,००० रुपये बाजूला काढले. एक दिवसाचं चित्रीकरण, कॅमेरा चालवणारा आणि एक मदतनीस मिळून १२,०००. संकलन, अक्षरं आणि रंग जुळवणं ९,०००. निवेदन आणि माइकचं भाडं २,०००. प्रवास-जेवण २,५००. कोडचे स्टिकर १,५००. राखीव ३,०००. कागदावर हिशेब बसला. आता कोटेशनच्या तळाची बारीक ओळ वाचा: ‘जीएसटी वेगळा’. काम करणारी संस्था नोंदणीकृत असेल, तर पहिल्या दोन रकमांवर, म्हणजे २१,००० वर १८ टक्क्यांनी ३,७८० रुपये लागतात. राखीव रक्कम गेलीच, वर ७८० कमी पडले. हे काम सुरू होण्याआधी कळलं, तर मदतनिसाचं काम गटातला एक मुलगा करतो. नंतर कळलं, तर वाद होतो.

पैसा कमी करायचा झाला, तर कॅमेऱ्यावर करावा, आवाजावर करू नये, असं माझं मत आहे. चांगल्या उजेडात बऱ्या मोबाइलने काढलेलं चित्र या कामाला पुरतं. घुमणारं, पंख्याच्या घरघरीतलं निवेदन पुरत नाही, माणूस ते ऐकायचंच सोडतो. निवेदन बागेत नोंदवू नये, तिथे वारा आणि किडे असतात. गाद्या-कपड्यांनी भरलेल्या लहान खोलीत, पंखा बंद करून, कॉलर माइक लावून केलं तर भाड्याच्या स्टुडिओची गरज पडत नाही. पार्श्वसंगीताला चित्रपटातलं गाणं घेऊ नये. त्याचे हक्क कोणाचे तरी असतात, यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि ऐन हंगामात व्हिडिओचा आवाज किंवा व्हिडिओच बंद पडू शकतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत वापरायच्या चिजा आहेत. या व्हिडिओला संगीत नसलं तरी काही बिघडत नाही.

कोटेशनमध्ये आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. दुरुस्तीच्या किती फेऱ्या त्याच पैशांत, हे पहिलं. दोन फेऱ्या हा रास्त आकडा. दुसरं, मूळ चित्रीकरण कोणाकडे राहणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. पण हक्क असणं वेगळं आणि हार्ड डिस्क हातात असणं वेगळं.

आता बाजूला ठेवलेला दुसरा व्हिडिओ, ‘पेटी मागवावी’ असं सांगणारा. त्याचा प्रेक्षक अनोळखी, म्हणून तो तीस-चाळीस सेकंदांचा, रील्ससाठी. त्यात मोहर हवा, झेल्याने आंबा उतरवणारे हात हवेत. मोहर डिसेंबर-जानेवारीत येतो आणि कोणाच्या बैठकीची वाट पाहत नाही. म्हणजे पुढच्या हंगामासाठी तो याच वर्षअखेरीस टिपावा लागेल. ‘हापूस’ हे मानांकित नाव पेटीवर आणि जाहिरातीत वापरायचं, तर गटातले बागायतदार अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले आहेत का, हे त्याआधी पाहावं लागेल. २०१८ मध्ये मानांकन मिळालं, पण ते नोंदणी न केलेल्याच्या कामाला येत नाही. ‘कार्बाइडमुक्त’ असं म्हणायचं, तर आढीत आंबा कसा पिकतो हे दाखवून म्हणावं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्याला कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे नुसता शब्द वापरला तर तो ‘आम्ही कायदा मोडत नाही’ एवढंच सांगतो. आणि हो, ड्रोनला इथे जागा आहे: दोन सेकंद, बाग समुद्राच्या किती जवळ आहे हे दाखवण्यापुरती. उडवणाऱ्याकडे परवाना आहे का आणि ती जागा हवाई क्षेत्राच्या नकाशात कुठल्या रंगात येते, ते विचारून.

कागदाच्या तळाशी एक नाव लिहायचं राहतं: अंतिम होकार कोणाचा? वीस जणांच्या गटात संकलनाचा पहिला मसुदा सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला, तर वीस सूचना येतात, त्यातल्या निम्म्या एकमेकींना छेद देणाऱ्या, आणि दुरुस्तीच्या दोन्ही फेऱ्या त्यातच संपतात. मसुदा आधी दोन अशा घरांत दाखवावा, जिथे हापूसची पेटी येते पण बाग नाही. दाखवताना काही समजावू नये. पाहून झाल्यावर त्यांच्यासमोर एक बंद पेटी ठेवावी आणि ते काय करतात ते पाहावं. जिथे त्यांचा हात अडखळेल तेवढीच दुरुस्ती संकलकाला कळवायची, आणि ती कळवणारी व्यक्ती एकच: वहिनी.